डब्याच्या बुडाखालचा आकडा

दिवाळी तोंडावर आली की ठाकूरद्वारच्या चाळींतून दोन उद्योग एकदम सुरू होतात: एक भाजणी भाजण्याचा आणि दुसरा माळ्यावरचे डबे खाली उतरवून घासण्याचा. पूर्वी हे डबे पितळेचे असत, मग स्टीलचे आले आणि आता निम्मी फळी तरी प्लॅस्टिकने व्यापलेली असते. पण ‘प्लॅस्टिक’ हे नुसते आडनाव झाले. त्या घरात निरनिराळ्या स्वभावांची माणसे नांदतात, आणि स्वैपाकघरात त्यांतल्या तिघांशी आपली रोजची गाठ पडते.

डबा उपडा करून पाहिला, तर बुडाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा दिसतो. १ म्हणजे पेट, २ किंवा ४ म्हणजे पॉलिथिलीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आकडा झिजून गेला असेल, तर फुटक्या डब्याचा एक तुकडा बादलीत टाकून पाहावा. पेट तळाशी जाते, बाकीची दोन्ही पाण्यावर तरंगतात.

आता चकलीचेच पाहा. आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या वर्षी कढईतून काढलेल्या चकल्या, घाईघाईने, काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीत भरल्या. पाच मिनिटांत बरणीचे बूड आत ओढले गेले आणि ती डुगडुगू लागली. वहिनींनी दुकानदाराला बोल लावला. पण त्यात त्याचा दोष नव्हता. ती बरणी पेटची होती. पेट सुमारे २५० अंशांवर वितळते हे खरे. मात्र ते सत्तर-पंचाहत्तर अंशांवरच मऊ पडू लागते. शिवाय अशी बरणी साच्यात फुगवून ताणलेली असते. ऊब लागताच तो ताण सुटतो आणि ती आक्रसते. तळणीचे तेल असते १७० ते १८० अंशांचे! चकल्या कागदावर पसरून पुऱ्या गार होऊ दिल्या असत्या, तर हीच बरणी उत्तम होती. कारण हवा आणि ओल अडविण्यात पेट चांगले. कढत पाणी ओतून तेवढी ती धुऊ नये.

पॉलिथिलीनचा स्वभाव याच्या उलट. ते थंडीला भीत नाही. बर्फाच्या कप्प्यात खोबऱ्याचा कीस किंवा मटार ठेवावयाचे असतील, तर तेच बरे; पॉलिप्रॉपिलीन तेथे ठिसूळ होते आणि हातून पडले की तडकते. पण उष्णतेपुढे पॉलिथिलीन लवकर हार खाते. त्याचा मऊ प्रकार, म्हणजे आकडा ४, सुमारे ११० अंशांवर वितळतो आणि त्याच्या बराच आधी ढिला पडतो; २ आकड्याचा टणक प्रकार १३० अंशांच्या आसपास वितळतो.

राहिले पॉलिप्रॉपिलीन. इटलीत १९५४ साली जूलियो नात्ता यांनी त्याचे रेणू शिस्तीत रचण्याची युक्ती साधली. त्या शिस्तीमुळे ते १६० अंशांपर्यंत वितळत नाही आणि उकळत्या आमटीलाही दाद देत नाही. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये या तिघांपैकी न्यावयाचा तो हाच, आणि तोही वर तशी खूण असेल तरच.

येथेही एक मेख आहे. मायक्रोवेव्हच्या लहरी डब्याला जवळजवळ तापवीत नाहीत. तापते ते अन्न, आणि ते डब्याला तापविते. भातात पाणी असते, तोवर उष्णता शंभर अंशांच्या फारशी पुढे जात नाही. पण तूप, तेल आणि साखर यांना ते बंधन नाही. गाजराचा हलवा किंवा तर्रीदार रस्सा डब्यातच तापविला, की तुपातेलाच्या रेघेवर प्लॅस्टिक मऊ होते आणि आतून खरखरीत, पिवळट कडे उमटते. नुसता हळदीचा डाग हाताला लागत नाही. हे कडे बोटाला लागते. असे कडे लागले, की तो डबा तापविण्यातून काढून डाळीसाठी ठेवावा. हलवा तापवावयाचा तो काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात.

‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शब्दांचा अर्थही मर्यादित आहे. डबा नेहमीच्या तापविण्यात वाकणार नाही आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे अन्नात काही उतरणार नाही, एवढेच त्यात अभिप्रेत असते. प्लॅस्टिकमधून काहीच उतरत नाही, असे त्यात म्हटलेले नाही.

आणि झाकण? ते पुष्कळदा वेगळ्याच जातीचे असते: डबा ५ आकड्याचा आणि झाकण ४ आकड्याचे. तेव्हा झाकण काढून वर ताटली ठेवावी. वाफेलाही वाट मिळते. या दिवाळीत डबे घासताना प्रत्येकाचे बूड पाहावे, आणि झाकण उलटून तेही वाचावे.