एका आकड्याचा फरक

नंदुरबारचा जीवशास्त्राचा पदवीधर बायोइन्फर्मेटिक्सच्या प्रवेशासाठी ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लिहितो, तेव्हा ‘संगणकाची आवड आहे’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याने जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असलेल्या सिकलसेलवर केलेले छोटे काम मांडावे.

बीटा-ग्लोबिनचा ATG पासून सुरू होणारा क्रम घेऊन तीन-तीन अक्षरे मोजणारा साधा प्रोग्राम लिहिला, तर GAG चे GTG झालेले सातव्या जागी सापडते. पाठ्यपुस्तकात मात्र सहावी जागा असते. प्रोग्राम चुकलेला नसतो. तो सुरुवातीचे मेथिओनिनही मोजतो आणि तयार प्रथिनात ते उरत नाही.

हा फरक चार ओळींत समजावणाऱ्याला दोन्ही विषय जोडता येतात, हे परीक्षकाला दिसते. संगणकाचे काय शिकायचे राहिले, तेही त्याने सरळ लिहावे.