‘सविनय निवेदन’ आणि नोकरीची पहिली मेल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी शाळेत भेटायला आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बोलता बोलता त्याने मोबाइल काढून स्वतःच लिहिलेली एक मेल आम्हाला दाखवली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या कॉलेजात एका कंपनीची लेखी परीक्षा झाली होती, आणि पुढे काय होणार हे विचारण्यासाठी त्याने कंपनीच्या भरती विभागातील मॅडमना ती पाठवली होती. वाचताना आम्हाला हसू आले, आणि लगेच थोडी लाजही वाटली. कारण ती मेल त्याने लिहिली असली, तरी शिकवली आम्हीच होती.

सुरुवात अशी: ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट...’ पुढे बारा-चौदा ओळींत घरची परिस्थिती, बारावीचे टक्के, कंपनीची थोरवी, नोकरीची तळमळ. शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ आणि ‘युअर्स ओबिडियन्टली’. ही सगळी आपल्या शाळेतल्या अर्जलेखनाची देणगी आहे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. ‘सेवा में, श्रीमान प्रधानाचार्य महोदय, सविनय निवेदन है कि’ पासून ‘आपका आज्ञाकारी शिष्य’ पर्यंतचा साचा आमच्या हाडीमासी खिळला आहे. तोच आम्ही मराठीत आणला, मुलांनी इंग्रजीत नेला. तीन दिवसांच्या रजेसाठी तो ठीक आहे, कारण मुख्याध्यापक त्या मुलाला ओळखतात. ज्या बाईंनी त्याला कधी पाहिलेही नाही, त्यांना या साच्यातून काहीच हाती लागत नाही.

आता प्रत्यक्षात काय घडले ते क्रमाने सांगतो. लेखी परीक्षा सोमवारी, ८ सप्टेंबरला झाली. निकाल सात कामकाजी दिवसांत कळेल असे कंपनीने सांगितले होते, म्हणजे १७ तारखेपर्यंत. या मुलाने ९ तारखेच्या रात्री पावणेबाराला पहिली मेल पाठवली, आणि उत्तर नाही म्हणून १२ तारखेला तीच पुन्हा. मॅडमना ‘सर’ म्हटले होते ते एक वेळ सोडून देऊ. पण मेलमध्ये कॉलेजचे नाव नव्हते, परीक्षेची तारीख नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता. परीक्षेच्या फॉर्मवर दिलेल्या पत्त्याऐवजी मेल दुसऱ्याच पत्त्यावरून गेली होती. आणि नाव? आपल्याकडे दाखल्यावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, अशी पद्धत. फॉर्म भरताना त्याने तेच केले, त्यामुळे कंपनीच्या यादीत त्याचे आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात बसले. मेलखाली मात्र नुसते स्वतःचे नाव! अनेक कॉलेजांची मुले एकाच तक्त्यात असतात. तिथे माणूस सापडतो तो नोंदणी क्रमांकाने किंवा मेलच्या पत्त्याने. इथे दोन्ही दारे बंद होती.

घाई का होती, तेही पालकांनी समजून घ्यावे. पुष्कळ कॉलेजांत नियम असतो की एका कंपनीत निवड झाली की त्या मुलाने पुढच्या भरतीला बसायचे नाही. याच्याही कॉलेजात तो आहे. २६ सप्टेंबरला एक लहान कंपनी येणार होती आणि तिच्यासाठी २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत नाव द्यायचे होते. नाव द्यावे, तर तिथे निवड होऊन मोठ्या कंपनीची वाट बंद होईल. न द्यावे, तर दोन्ही हातचे जाईल. तेव्हा मुलाचा प्रश्न खरा होता. तो एवढाच होता की यादी २४ तारखेच्या आत येईल का? आणि चौदा ओळींच्या त्या मेलमध्ये नेमका हाच प्रश्न नव्हता.

१७ तारीख उलटून गेल्यावर, १९ ला, तो कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे गेला. खरे तर आधी तिथेच जायला हवे होते. कॉलेजात होणाऱ्या भरतीत कंपनी सहसा यादी त्यांच्याकडेच पाठवते, आणि मुलांनी परस्पर लिहिलेले काही कंपन्यांना व बऱ्याच कॉलेजांना रुचत नाही. यादी आलेली नाही, तू विचार, पण मला प्रत ठेव, असे त्यांनी सांगितले. मग त्यांच्यासमोर बसूनच त्याने नवी मेल लिहिली. मूळ इंग्रजीत आहे, तिचा मजकूर असा:

‘विषय: ८ सप्टेंबरची लेखी परीक्षा, पुढील टप्प्याबाबत (पुढे नोंदणी क्रमांक).

महोदया, मी अमुक कॉलेजचा अंतिम वर्षाचा विद्यार्थी असून ८ सप्टेंबर रोजी आपल्या कंपनीची लेखी परीक्षा दिली आहे. निकाल सात कामकाजी दिवसांत अपेक्षित होता. पुढील टप्प्याची यादी आमच्या कॉलेजकडे कधी येईल, हे कळू शकेल का? दुसऱ्या एका भरतीसाठी मला २४ सप्टेंबरपर्यंत कॉलेजकडे नाव द्यायचे आहे, म्हणून विचारीत आहे. आमच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना प्रत पाठवली आहे.’

खाली यादीत आहे तसे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, शाखा व फोन. बस्स. किती गुण मिळाले, पगार किती, असे काही विचारले नाही. गुण कंपन्या सहसा सांगत नाहीत, आणि एका न देता येणाऱ्या उत्तरापायी सबंध मेल बाजूला पडते. दुसऱ्या भरतीचा उल्लेखही पाहा. त्यात धमकी नाही, आर्जव नाही, फक्त तारीख आहे.

घटस्थापनेच्या दिवशी, २२ तारखेला, दोन ओळींचे उत्तर आले. यादी उद्या कॉलेजला जाईल; आधीच्या मेल पाहिल्या होत्या, पण त्या नावाचा उमेदवार सापडला नाही. २३ ला यादी आली. तीत त्याचे नाव नव्हते. मेल कितीही नीट लिहिली तरी परीक्षेतले गुण वाढत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्याने लहान कंपनीसाठी नाव दिले, आणि तिथे त्याची निवड झाली.

(जाता जाता पालकांसाठी: अशा वाट पाहण्याच्या दिवसांत ‘निवड झाली, परत मिळणारी अनामत भरा’ अशा बनावट मेल येतात. नोकरीसाठी पैसे मागणारी मेल आली तर एक पैसाही न भरता आधी कॉलेजात दाखवावी.)

आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांना हे सांगितले, तर ते म्हणाले, ‘सर, मग नम्रता शिकवायचीच नाही का?’ शिकवायची. पण ‘महोदया’ आणि ‘कळू शकेल का’ यात ती पुरेशी आली आहे असे आम्हाला वाटते. ‘बेग’ म्हणजे भीक मागणे हे आम्हीही वर्गात कधी उलगडून सांगितले नाही.

तेव्हा येत्या सत्रापासून नववी ते अकरावीच्या अर्जलेखनात आम्ही एक प्रकार वाढवीत आहोत: अनोळखी माणसाला एकच प्रश्न विचारणारे, सहा ओळींचे पत्र. संगणक लागणार नाही, वहीतच लिहायचे. ते वर्गातल्याच दुसऱ्या मुलाला द्यायचे, आणि त्याने लिहिणारा कोण, कुठला, आणि त्याला काय हवे आहे, एवढे तीनच शब्दांत फळ्यावर लिहायचे. त्याला ते लिहिता आले नाही, तर पत्र पुन्हा लिहायचे. रजेचा अर्ज मात्र पूर्वीसारखाच राहील, कारण बोर्डाच्या परीक्षेत तो येतो.