‘तांत्रिक कारणास्तव बंद’ एवढ्याने भागत नाही

नियोजित देखभालीसाठी बँकेची संगणकप्रणाली बंद राहणार असेल, तर ग्राहकांना तारीख आणि वेळ कळवली की काम झाले, असे मानणाऱ्यांचे युक्तिवाद तीन आहेत. सविस्तर सूचना कोणी वाचत नाही. काम सुट्टीच्या दिवशी होत असल्याने अडचण फारशी येत नाही. आणि एखादा व्यवहार अडकलाच तर पैसे आपोआप परत येतात. एचडीएफसी बँकेने १३ जुलै २०२४ रोजी आपली कोअर बँकिंग प्रणाली नव्या यंत्रणेवर नेली, त्या प्रकरणावर हे तिन्ही युक्तिवाद घासून पाहता येतात.

पहिला युक्तिवाद आकड्यांपुढेच टिकत नाही. काम पहाटे ३ ते दुपारी ४.३०, म्हणजे साडेतेरा तास चालणार होते. पण यूपीआय त्यातले चारच तास बंद राहणार होते: पहाटे ३ ते ३.४५ आणि सकाळी ९.३० ते दुपारी १२.४५. आयएमपीएस, एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठवणे मात्र पूर्ण काळ बंद होते. एटीएम आणि कार्ड मर्यादित रकमेपुरते चालू होते आणि शिल्लक आदल्या दिवशी सायंकाळी ७.३० ची दिसणार होती. हे सारे ‘सेवा बंद’ या दोन शब्दांत कोंबले, तर सूचना संक्षिप्त न होता खोटी होते.

७.३० च्या वेळेला तर विशेष महत्त्व होते. खाती एका यंत्रणेवरून दुसरीकडे नेताना मूळ नोंदी गोठवाव्या लागतात, नाहीतर एकाच खात्याच्या दोन ठिकाणी दोन शिल्लक दिसू लागतात. तेवढ्या वेळात एटीएमला आधीच्या शिलकेवर काम भागवावे लागते. म्हणूनच रकमेला मर्यादा येते. रात्री ८ वाजता जमा झालेली रक्कम त्या हिशेबात धरलेली नसते. पैसे काढणे आणि पाठवणे ७.३० पूर्वी उरका, असे का सांगितले हे ग्राहकाला कळले, तरच तो ते मनावर घेतो.

दुसऱ्या युक्तिवादात तथ्य आहे, पण अर्धेच. १३ जुलै हा दुसरा शनिवार होता आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. मात्र बँकेची सुट्टी म्हणजे व्यवहाराची सुट्टी नव्हे. जुलैच्या मध्यावर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत सोयाबीनच्या कोळपणीची, फवारणीची आणि खतांची घाई असते. समजा, अहमदपूर तालुक्यातला एक शेतकरी सकाळी १० वाजता लातूरच्या कृषी सेवा केंद्रात तणनाशक घ्यायला आला. त्याचे खाते दुसऱ्या बँकेत आहे, म्हणून त्याला सूचना आलेलीच नाही. पण दुकानदाराचा क्यूआर कोड ज्या खात्याला जोडलेला आहे, ते खाते त्या बंद प्रणालीत आहे. यूपीआयच्या व्यवहारात देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन्ही बँका जाग्या लागतात. त्यामुळे बंदची झळ दुसऱ्याच बँकेच्या ग्राहकाला बसते. म्हणून व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र सूचना हवी: त्या तासांसाठी दुसऱ्या बँकेच्या खात्याचा क्यूआर कोड लावावा, सुटे पैसे ठेवावेत आणि गिऱ्हाइकांना दिसेल अशी पाटी आदल्या दिवशीच लावावी.

तिसरा युक्तिवाद सर्वांत फसवा आहे, कारण नियम त्याच्या बाजूने असल्यासारखा दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेली रक्कम खात्यातून गेली पण समोर जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या रकमेसाठी आणि एटीएममधून न निघालेल्या रोख रकमेसाठी पाच दिवसांची मुदत आहे. उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई आहे. पण पाच दिवसांनी परत आलेले पैसे आजच्या फवारणीला उपयोगी पडत नाहीत. शिवाय ‘पेंडिंग’ दिसताच लोक पुन्हा पैसे पाठवतात आणि मग दोन्ही व्यवहार पूर्ण होऊ शकतात. म्हणून सूचनेत स्पष्ट लिहावे: व्यवहार अडकला तर दुसऱ्यांदा पाठवू नका, व्यवहार क्रमांक जपून ठेवा, सेवा सुरू झाल्यावर खात्याचा उतारा पाहा आणि मुदत उलटली तरच बँकेकडे तक्रार नोंदवा.

यावरून चांगल्या सूचनेचा सांगाडा ठरतो. कोणती सेवा कधीपासून कधीपर्यंत बंद हे प्रत्येक सेवेपुढे वेगळे लिहावे. कोणती सेवा किती मर्यादेत चालू राहील आणि कोणते काम कधीपूर्वी उरकायचे, हेही नेमके द्यावे. सूचना काही दिवस आधी आणि आदल्या दिवशी पुन्हा, मराठीत, एसएमएसने आणि शाखेच्या फलकावर यावी. स्मार्टफोन नसलेला खातेदार फलकच वाचतो. काम लांबले तर जुनी वेळ उलटण्याआधी नवी वेळ कळवावी. या काळात बनावट संदेशही फिरतात, म्हणून खाते चालू ठेवण्यासाठी बँक कोणतीही लिंक उघडायला किंवा ओटीपी द्यायला सांगणार नाही, हे वाक्य प्रत्येक सूचनेत असावे. एवढे दिले की ग्राहक बंदच्या तासांची तजवीज स्वतः करू शकतो.