माफी कुणी मागायची?

"अम्मी, तुझं नेमकं काय चुकलं होतं?"

माझ्या मोबाईलवरचा मजकूर वाचून मुलीनं विचारलं. मुख्याध्यापकांना पाठवायचा मेसेज मी अर्धा तास लिहीत होते. शिक्षकाच्या सेवेला बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते. त्यासाठी लागणारं प्रशिक्षण मी पूर्ण केलं होतं, कागदपत्रं जुलैमध्येच दिली होती. सप्टेंबर उजाडला तरी प्रस्ताव शाळेच्या कार्यालयातच पडून होता. आणि मी लिहिलं होतं असं :

"आदरणीय सर, अस्सलामु अलैकुम. सॉरी, सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय. आपण खूप कामात असता हे माहीत आहे. तसं फार महत्त्वाचं नाही, पण माझ्या प्रस्तावाचं काही झालं असेल तर... कदाचित माझेच कागद द्यायचे राहिले असतील. शक्य झाल्यास, वेळ मिळाल्यावर एकदा पाहिलंत तर बरं होईल. काही चुकलं असेल तर माफ करा. पुन्हा एकदा सॉरी."

मुलीचा प्रश्न खरा होता. माझं काहीच चुकलं नव्हतं. मग मी वहीतला निबंध तपासावा तसा हा मेसेज तपासायला घेतला.

पहिलं वाक्य रविवारची माफी मागत होतं. त्यावर उपाय माफी नव्हताच, मेसेज सोमवारी सकाळी पाठवणं हा होता. "तसं फार महत्त्वाचं नाही" हे तर चक्क खोटं होतं. दरमहाच्या पगाराचा प्रश्न महत्त्वाचा नाही, असं मीच सांगितल्यावर साहेबांनी तो महत्त्वाचा का मानावा? "माझेच कागद राहिले असतील" या वाक्यानं उशिराचा दोष मी स्वतःकडे ओढून घेतला होता. पोच माझ्या पर्समध्ये असताना! आणि "वेळ मिळाल्यावर" म्हणजे कधी? त्या शब्दात तारीखच नव्हती. सगळा मेसेज वाचूनही मला काय हवं आहे आणि कधीपर्यंत, हे कळत नव्हतं.

आमच्या घरात उर्दू अदब आहे. मोठ्यांसमोर बोलताना आधी "गुस्ताखी माफ" म्हणायची सवय लहानपणीच लागते. ती मला सोडायची नाही. पण अदब आणि अपराधीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत अदब क्रियापदातच बसते. "पाठवा" म्हटलं तर हुकूम वाटतो. "पाठवावा, ही विनंती" म्हटलं की मान राखला जातो आणि मागणीही ठाम राहते. त्यावर "शक्य झाल्यास", "कदाचित", "जमलं तर" यांची गरज उरत नाही.

सोमवारी पाठवलेला मेसेज असा :

"आदरणीय सर, अस्सलामु अलैकुम. १४ जून रोजी माझी बारा वर्षांची सेवा पूर्ण झाली. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी वैयक्तिक मान्यतेची प्रत व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मी २ जुलैला कार्यालयात दिले असून पोच माझ्याकडे आहे. प्रस्ताव ३० सप्टेंबरपर्यंत शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवावा, ही विनंती. एखादा कागद कमी असल्यास कळवावे, दुसऱ्या दिवशी आणून देईन."

यात "असल्यास" राहिलं आहे, ते मुद्दाम. फाईलमध्ये काय आहे हे मला खरंच ठाऊक नव्हतं. शंका खरी असेल तर ती लिहावी. नुसती भीती असेल तर खोडावी. माफीचंही तसंच. मी कागद उशिरा दिले असते तर एकदाच लिहिलं असतं : "कागद देण्यास आठ दिवस उशीर झाला, क्षमस्व." आणि लगेच पुढचं काम. शेवटी पुन्हा "सॉरी" नाही.

खोडताना एक धोका असतो. सगळंच खोडलं की मेसेज नोटिशीसारखा वाटू लागतो. म्हणून मी तो मोठ्यानं वाचला. हेच शब्द सरांसमोर उभं राहून, नजर न चुकवता बोलता येतील का? आले. "पोच माझ्याकडे आहे" इथे मात्र थोडी अडखळले. धमकी तर वाटणार नाही ना? पण ती वस्तुस्थिती होती, ठेवली.

दुपारी उत्तर आलं : "दोन वर्षांच्या गोपनीय अहवालांवर सह्या राहिल्या आहेत. उद्या करतो." म्हणजे अडलं होतं ते त्यांच्याच टेबलावर. प्रस्ताव महिनाअखेरीआधी गेला. पुढची मंजुरी वरच्या कार्यालयाची, तिथे माझ्या वाक्यांचं काही चालत नाही.

उत्तराच्या शेवटी सरांनी लिहिलं होतं, "उशिराबद्दल क्षमस्व." पहिला मेसेज गेला असता तर हे शब्द माझ्याच नावावर राहिले असते.