दहा मिनिटं उशीर, पण किती वाजता?

बालदोस्तांनो,

आज तुमच्या काकाची एक चूक सांगतो. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

भोसरीत काही मुलांनी विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी बैठक ठेवली होती. वेळ संध्याकाळी पाचची, आणि मार्गदर्शक म्हणून मी. त्या दिवशी मी चाकणहून बसने येत होतो. चाकणच्या तळेगाव चौकात पुणे-नाशिक रस्त्याला तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेदतो. त्यात कारखान्यांच्या पाळ्या सुटायची वेळ, कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेस. आमची बस मुंगीच्या पावलांनी निघाली. पावणेपाचला आम्ही चिंबळी फाट्यापाशीच होतो. तिथून इंद्रायणीचा पूल, मग मोशी आणि मग भोसरी. एरवी हे अंतर पंचवीस मिनिटांचं. म्हणजे पाचला पोचणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण मी गप्प बसलो. वाटलं, पुढे रस्ता मोकळा मिळेल! शेवटी पाच वाजून पाच मिनिटांनी एका मुलाच्या आईच्या फोनवर संदेश धाडला: ‘ट्रॅफिकमध्ये अडकलोय. दहा मिनिटांत येतोच.’

झालं काय? त्या माउलींनी तो वाचला पाच बाराला. त्यांनी हिशेब केला, काका पाच बावीसला येणार. सुरू करा असं मी कुठे म्हटलंच नव्हतं, म्हणून सहा मुलं माझी वाट बघत बसली. मी पोचलो पाच वीसला. मग नमस्कार, पाणी, वह्या काढणं यात आणखी दहा मिनिटं गेली. पाण्याच्या गाळणीची माहिती सांगणारी आठवीतली मुलगी साडेपाचला उठली. तिच्या बाबांची रात्रपाळी, ते तिला न्यायला आले होते. आठवडाभर पाठ केलेलं तिचं बोलणं कोणी ऐकलंच नाही. जाताना ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो.

आता बघा, माझ्या एका ओळीत किती चुका होत्या. बैठक सुरू झाल्यावर मी कळवलं, तोवर सगळे येऊन बसले होते. ‘दहा मिनिटांत’ लिहिलं, पण ती कधीपासून मोजायची? वाचणारा नेहमी वाचल्यापासून मोजतो. म्हणून घड्याळातली वेळच लिहावी. आणि ‘येतोच’ या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याला ‘थांबा’ असाच लागतो.

मी पावणेपाचला हे लिहायला हवं होतं:

‘मला १० मिनिटं उशीर होतोय, ५.१० ला पोचेन. तुम्ही बरोबर ५ ला सुरू करा. गाळणीचा भाग आधी घ्या, ती साडेपाचला जाते. खर्चाचं मात्र मी आल्यावर ठरवू. तक्ते कपाटात आहेत.’

यात ट्रॅफिकचं रडगाणं नाही. ‘सुरू करा’ हे स्पष्ट आहे, कशापासून सुरू करायचं तेही आहे आणि कशासाठी थांबायचं तेही. शेवटचं वाक्य विसरू नका हं! खोलीची किल्ली तुमच्या खिशात असेल, तर नुसतं ‘सुरू करा’ म्हणून काय उपयोग? मग किल्ली दुसरी कुठे मिळेल ते सांगा, नाहीतर सरळ लिहा की मी आल्याशिवाय दार उघडणार नाही.

आणखी एक. वाहनं हलत नसतील, तर दहाच्या जागी पंधरा लिहा. पाच मिनिटं आधी पोचलात तर कोणाचं बिघडत नाही. पण ‘आणखी पाच, आणखी पाच’ असे चार संदेश गेले, तर पाचव्यावर कोण विश्वास ठेवणार? अर्धा तास लागणार असेल, तर दहा मिनिटांचं सोंग न करता काम दुसऱ्याकडे सोपवा. आणि बाबा स्कूटर चालवत असतील, तर संदेश मागे बसलेल्यानं लिहायचा किंवा गाडी बाजूला घेऊन.

पोचल्यावर गुपचूप मागे बसा. ‘काय काय झालं, परत सांगा’ म्हणालात, तर वाचवलेली दहा मिनिटं पुन्हा वाया! शेजाऱ्याची वही बघा.

आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक नमस्कारसुद्धा गाळत. पण गाडी आणि पोचायची वेळ कोणी गाळत नसे.

पुढच्या रविवारी त्या मुलीनं आम्हांला गाळणी समजावून सांगितली. सर्वांत आधी तिचाच भाग घेतला, आणि मी दहा मिनिटं आधी येऊन बसलो होतो.

आता तुमचा गृहपाठ: सकाळी ७ ला क्रिकेटचा सराव आहे, चेंडू तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ७.१० ला पोचणार. तीस शब्दांत संदेश लिहा आणि आईला वाचून दाखवा. तिनं एकही प्रश्न विचारला नाही, तर तुम्ही पास!

तुमचा,
काका