वर्गणी पाचशेची, दंड महिन्याला शंभर, आणि मत?

कांदा काढणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत, त्यात ग्रुपवर हा मेसेज पडला. जसाच्या तसा देतोय, मंडळाचं नाव तेवढं काढलंय:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की वार्षिक वर्गणी रु. 500 दि. 31 मार्चपर्यंत भरावी. त्यानंतर दरमहा रु. 100 विलंब शुल्क आकारले जाईल. 30 जूनपर्यंत रक्कम न आल्यास सभासदत्व रद्द समजण्यात येईल."

खाली एक फोन नंबर, पैसे त्यावर पाठवा म्हणून. लगेच पंधरा-वीस जणांचे अंगठे. भीमेच्या अलीकडचे शिरूरकर, पलीकडचे दौंडकर, एकानेही विचारलं नाही की हे शंभर रुपये आले कुठून.

माझं म्हणणं सरळ आहे. पाचशे रुपये द्यायलाच पाहिजेत. मंडळाला ऑडिट आहे, हॉलचं भाडं आहे, तालुक्याला हेलपाटे आहेत, ते हवेवर होत नाही. भांडण आहे ते शंभराशी. आणि त्याहून जास्त त्या शेवटच्या ओळीशी.

आधी शंभराचा हिशोब करू. समजा एखाद्याने 20 जूनला पैसे भरले. एप्रिल, मे आणि जून मोडून तीन महिने धरले की तीनशे रुपये दंड. पाचशेला तीनशे! आता दुसऱ्या बाजूने बघा. ऊस तुटून कारखान्यावर गेला की 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला 15 टक्के व्याज, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. ते व्याज मागून मागून चपला झिजतात, ही गोष्ट वेगळी. पण दर 15 टक्केच. त्याच दराने आपल्या पाचशे रुपयांवर 31 मार्च ते 20 जून या 81 दिवसांचं व्याज होतं साडेसोळा रुपयांच्या आसपास. म्हणजे शेतकऱ्याचे लाखो रुपये अडकवणाऱ्याला जो दर, त्याच्या अठरा पट दर आपण आपल्याच माणसाला लावतोय. आपलंच मंडळ, आपणच अंगठे दाखवणारे.

सचिव म्हणतात, "दंड लावल्याशिवाय शिस्त लागत नाही." ठीक. पण मग शिस्त दोन्हीकडून हवी. आपल्यासारखी मंडळं 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असतात आणि जोडीला धर्मादाय कार्यालयात विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असतात. त्या 1860 च्या कायद्याचं कलम 9 वाचा. पैशाचा दंड लावायचा तर तो रीतसर केलेल्या उपविधीतच असावा लागतो. आणि उपविधी कसे करायचे हे मंडळाच्या नियमावलीत नसेल, तर त्यासाठी मुद्दाम सर्वसाधारण सभा बोलवायची आणि हजर सभासदांपैकी तीन पंचमांश मतांनी ते मंजूर करायचे. म्हणजे सभेला पन्नास जण आले तर निदान तीस हात वर पाहिजेत. सचिव आणि खजिनदार चहाच्या टपरीवर बसून ठरवतील तो दंड नव्हे, ती फक्त मागणी. मेसेजमध्ये ठराव क्रमांक नाही, सभेची तारीख नाही, कुठल्या नियमाखाली तेही नाही. मग तो दंड वसूल कशाच्या जोरावर करणार?

आता शेवटची ओळ. लोक दंड बघून चिडतात आणि ही ओळ वाचतच नाहीत. खरी मेख इथं आहे.

त्याच कायद्याचं कलम 15 असं सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. 31 मार्चपासून तीन महिने मोजा. जून संपतो. मंडळाची निवडणुकीची सभा कधी? जुलैत. आलं का ध्यानात? हे वर्गणीचं स्मरणपत्र दिसतंय, पण त्यातून मतदार यादी तयार होतेय. ज्यांच्या हातात ग्रुप आहे त्यांची माणसं मार्चमध्येच भरून मोकळी होतात. बाकीचे "कांदा विकला की बघू" म्हणतात. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलला निघतो, चाळीत जातो आणि भाव बघून पुढं पावसाळ्यात बाहेर पडतो. मार्चअखेरीला जी काय रोकड असते ती सोसायटीचं पीककर्ज फिरवण्यात जाते. 31 मार्च ही हिशोबाच्या वहीची तारीख आहे, शेतकऱ्याच्या खिशाची नाही. हिशोब मार्चला बंद करा, कोण नको म्हणतंय, पण वर्गणीची मुदतही त्याच दिवशी हवी असं कुठं आहे?

आणि ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांना हा मेसेज गेलाच कसा? आमच्याच पट्ट्यात अशी जुनी माणसं आहेत, मंडळ उभं राहिलं तेव्हा पहिली पावती फाडलेली. ती जुलैत सभेला येणार आणि दारात कळणार की नाव यादीत नाही.

पण "सभासदत्व रद्द" हे शब्दही खोटेच. कलम 15 थकबाकी असेपर्यंत मत रोखतं. नाव कायमचं काढणं ही वेगळी गोष्ट, ती मंडळाच्या नियमावलीत जी पद्धत असेल तिनेच होते, मेसेजने नाही. विकास सोसायटी किंवा कारखान्याच्या बाबतीत तर हा घोळच करू नका. तिथं तुमचा भाग असतो, दरवर्षी नूतनीकरण नसतं, आणि सभासदाला काढायचं तर सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतं आणि वर निबंधकाची मंजुरी लागते. मंडळाचा नियम तिकडं लावून कोणी घाबरवत असेल तर घाबरू नका.

म्हणून माझं सांगणं असं की रागाच्या भरात वर्गणी अडवू नका. अडवली की दंडावर बोलायचं मतच जातं, आणि त्यांना तेच हवंय. पाचशे रुपये मंडळाच्या बँक खात्यावर टाका, कोणाच्या खासगी नंबरवर नको, आणि कुठल्या वर्षाची वर्गणी ते लिहिलेली पावती घ्या. उशीर झाला असेल तरी जून संपायच्या आत मूळ पाचशे भरा. दंडासकट नाही तर घेत नाही म्हणाले, तर पैसे खात्यावर टाकून त्याच दिवशी लेखी पत्र द्या: मूळ वर्गणी भरली आहे, विलंब शुल्क मंजूर झालेल्या सभेच्या इतिवृत्ताची आणि उपविधीची प्रत द्यावी. पोच घ्या, सही-शिक्क्यासह. नियमावलीची नक्कल धर्मादाय कार्यालयात अर्ज करूनही मागता येते.

मी माझे पाचशे काल टाकले, पत्रही दिलं. सचिव म्हणाले, "एवढ्या शंभर रुपयांसाठी कशाला कागद?" मी म्हणलं, तेच तुम्हाला विचारतोय. उत्तर आलं की इथंच टाकतो. तोवर शेजारच्या बटणाच्या फोनवाल्यांना जाऊन सांगा, जूनच्या आत.