प्रीमियम पेट्रोल : आठ रुपयांचा हिशेब

राजोडीहून नालासोपाऱ्याच्या पेढीवर स्कूटरने जाणाऱ्या व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. महिन्याचा प्रवास 600 किलोमीटर, सरासरी लिटरमागे 45. एकाच पंपावर साधे पेट्रोल 104 व प्रीमियम 112 रुपये धरल्यास, जादा दर वसूल होण्यासाठी सरासरी साडेअठ्ठेचाळीसवर जावी लागते. अन्यथा वर्षाला सुमारे 1,280 रुपये अधिक जातात.

साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी 91 होता, एक्सपी 95 चा 95. ऑक्टेन म्हणजे जादा शक्ती नव्हे. दाबाखाली इंधन अवेळी पेटू न देण्याची ती क्षमता होय. 91 साठी घडविलेल्या इंजिनास तिचा लाभ सहसा होत नाही. मिसळलेली रसायने इंजेक्टरवरील काजळी धुतात. परंतु स्वच्छ इंजिनात धुण्यासारखे फारसे नसते.

पडताळा घरीच घेता येतो. टाकी भरावी, 200 किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा भरावी, लिटर नोंदवावेत. नेहमीच्याच रस्त्यावर दोन्ही पेट्रोलांची आळीपाळीने तीनदा नोंद घ्यावी. एका टाकीचा फरक वाहतूक व हवेच्या दाबामुळेही पडतो.

वाहनाच्या पुस्तिकेत 95 ऑक्टेन सांगितला असेल, तर तेवढ्या ऑक्टेनचे पेट्रोल घ्यावेच. नसेल, तर निर्णय वहीतील आकड्यांनी करावा.